‘ऊसतोड कामगारांची मुलं’ या विषयातून एक प्रश्न काढताना: एका लघुशोधप्रबंधाचं प्रकरण

एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी जूनअखेरीस मार्गदर्शक मॅडमकडे विषय घेऊन जाते: ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्या: एक समाजशास्त्रीय अभ्यास’. ही विद्यार्थिनी प्रातिनिधिक आहे, नमुन्यादाखल घेतलेली. शीर्षक मात्र ओळखीचं वाटेल. ती बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याची. गावोगावी ओळखी आहेत, बोली तिचीच आहे. तिला एकटीनं, स्वतःच्या खर्चानं काम करायचं आहे आणि मार्चअखेरीस प्रबंध द्यायचा आहे. हाती नऊ महिने दिसतात, पण तासिका, परीक्षा आणि लेखन वजा केलं की गावात राहून माहिती गोळा करायला जेमतेम तीन आठवडे उरतात.

विषय चांगला आहे. अडचण अशी की त्यात प्रश्नच नाही. ‘समस्या’ या शब्दाखाली गरिबी, गैरहजेरी, आजारपण, बालविवाह, बोलीभाषा, रस्ते असं काहीही बसतं, आणि प्रबंध कधी संपला हे ठरवायला कुठलीच खूण राहत नाही. मॅडम तिला एक साधं काम देतात. गावात न जाता या अभ्यासाचे निष्कर्ष आत्ताच एका पानावर लिहून काढायचे. तिला वीस मिनिटंही लागत नाहीत: स्थलांतरामुळे शाळा बुडते, पालक निरक्षर आहेत, मुलींचं जास्त नुकसान होतं, शासनानं लक्ष द्यावं. घरबसल्या लिहिता येतात तेच निष्कर्ष मार्चमध्ये छापून येणार असतील, तर मधल्या महिन्यांत शोधायचं काय?

यावर बहुतेक विद्यार्थी एक ठरावीक दुरुस्ती करतात आणि हीसुद्धा तेच करते. शीर्षकाला ‘विशेष संदर्भ: धारूर तालुका’ अशी शेपटी जोडते. जागा लहान झाली, प्रश्न तेवढाच पसरट राहिला. आधी बीडमधल्या सगळ्या समस्या शोधायच्या होत्या, आता धारूरमधल्या सगळ्या समस्या शोधायच्या आहेत. तालुक्याचं नाव उपयोगी पडतं, पण कशाची कशाशी तुलना करायची ते ठरल्यावर.

वाचन कशासाठी आणि किती

मॅडम सांगतात, आधी दहा-बारा अभ्यास वाच, पण प्रत्येकाचं टिपण चारच ओळींत कर: कोणाला विचारलं, कुठे भेटले, कोणत्या महिन्यात, आणि काय मोजलं. विद्यापीठांतले प्रबंध जिथे ऑनलाइन ठेवलेले असतात त्या शोधगंगावर शोधताना ‘ऊसतोड’ आणि ‘ऊसतोडणी’ हे दोन्ही शब्द वेगवेगळे टाकावे लागतात. शिवाय ‘साखर शाळा’, आणि इंग्रजीतल्या साहित्यासाठी `sugarcane cutters`, `seasonal migration`, `Beed`. सारांश लिहीत बसण्यापेक्षा या चार ओळी जास्त कामाच्या ठरतात, कारण त्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोणाला कोणी भेटलेलंच नाही ते दिसतं.

‘कुठे भेटले’ या ओळीकडे नीट बघायला हवं. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. संशोधक या काळात कारखान्याच्या परिसरात जातो, कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, मुलं भेटतात, त्यांच्या आईवडिलांशी बोलणं होतं. पण कोप्यावर फक्त सोबत आणलेली मुलंच भेटणार. गावी आजीजवळ ठेवलेला त्यांचाच भाऊ त्या अभ्यासात कुठेच नाही. उलट, हंगामात गावातल्या शाळेत बसून अभ्यास केला तर फक्त मागे राहिलेली मुलं दिसतात. एकाच घरातली दोन लेकरं अशी दोन वेगळ्या अभ्यासांत विभागली जातात आणि त्यांची तुलना होतच नाही. या प्रकरणातला खरा प्रश्न इथून पुढे येतो, पण सरळ येत नाही. मध्ये एक आकर्षक चुकीचा प्रश्न लागतो.

वसतिगृहाचा प्रश्न आणि तो का सोडावा लागतो

पालक तोडीला गेल्यावर मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं आणि मूल आपल्याच शाळेत राहतं. विद्यार्थिनीचा पुढचा मसुदा असा: ‘हंगामी वसतिगृहांमुळे ऊसतोड कामगारांच्या मुलांची गळती कमी झाली का?’ ऐकायला नेमका आहे, धोरणाशी जोडलेला आहे, मंजुरीच्या बैठकीत चटकन आवडेल असा आहे. तरी तिला याचं उत्तर मिळणार नाही. त्याची कारणं तीन आहेत.

पहिलं कारण नोंदीचं. चार-पाच महिने बाहेर राहिलेल्या मुलाचं नाव पटावर कायम राहू शकतं. म्हणजे कागदावर गळती नाही, पण मूल वर्गातही नाही. ‘गळती’ हा शब्द वापरला की ती नेमकं जे शोधायला निघाली तेच नोंदीत दिसेनासं होतं.

दुसरं कारण जास्त अवघड आहे आणि पहिल्यांदा संशोधन करणाऱ्याच्या लक्षात ते सहसा येत नाही. वसतिगृहात कोणती मुलं राहतात? ज्यांची आजी किंवा चुलती गावात आहे आणि रात्री ज्यांची निजायची सोय आहे, त्यांना राहणं सोपं जातं. ही मुलं वसतिगृह नसतं तरी कदाचित गावीच राहिली असती. त्यांची हजेरी चांगली दिसली, तर श्रेय जेवणाचं की आजीचं, हे तिच्या माहितीतून वेगळं काढता येणार नाही.

तिसरं, वसतिगृह असलेलं एक गाव आणि नसलेलं एक गाव घेऊन तुलना करावी असं तिला सुचतं. पण दोन गावांत वसतिगृहाखेरीज रस्ता, पाणी, जमीन, शिक्षक असे कितीतरी फरक असतात. एका गावाची एका गावाशी तुलना करून कारण सांगता येत नाही. त्याला दहा-वीस गावं लागतील आणि ते तीन आठवड्यांत एकटीचं काम नाही.

म्हणून वसतिगृह तपासायचं नाही, स्थिर ठेवायचं. दोन्ही गावं अशी निवडायची जिथे मागच्या हंगामात ते प्रत्यक्ष चाललं होतं. हे कागदावरून गृहीत धरू नये. कोणत्या शाळेत, कोणत्या तारखेपासून सुरू झालं हे केंद्रप्रमुखांकडे विचारून, मग गावात दोन पालकांकडून पडताळून घ्यावं. कुटुंबं दसऱ्यानंतर गेली आणि जेवण डिसेंबरात सुरू झालं असेल, तर निर्णय घेताना पालकांसमोर वसतिगृह नव्हतंच.

‘का’ विचारून काय हाती लागतं

पुढचा मसुदा: ‘वसतिगृह असूनही पालक मुलांना सोबत का नेतात?’ हा जवळ आलाय. अडचण ‘का’मध्ये आहे. असा प्रश्न थेट विचारला की जे उत्तर येतं ते सगळ्या घरांत सारखंच येतं: “पोटासाठी जावं लागतं. लेकरं कुणाच्या जीवावर सोडावीत?” हे खोटं नाही. पण ज्या घरानं तीनपैकी दोन लेकरं मागे ठेवली त्याचंही उत्तर हेच असतं. सगळ्यांना लागू पडणारं उत्तर फरक समजावून सांगू शकत नाही.

त्याऐवजी विचारायचं: “मागच्या वर्षी टोळीची गाडी भरली त्या दिवशी तुमच्या घरचं कोण कोण गाडीत बसलं?” आता आई नावं घेते. धाकटा, तान्ही, आणि मोठी. मधला का नाही? “तो राहतो की आज्जीपाशी, त्याला साळंची गोडी हाय.” आणि मोठी? “मग तान्हीला कोण बघणार? आम्ही फडात.” एका घरातल्या दोन लेकरांची तुलना आईच करून देते आणि ‘का’ न विचारता कारण बाहेर येतं.

या ठिकाणी अभ्यासाचा एकक बदलला. आतापर्यंत ‘कुटुंबानं नेलं की ठेवलं’ असं धरलं होतं. पण एकच कुटुंब दोन्ही करतं. निर्णय कुटुंबाचा असला तरी तो प्रत्येक मुलापुरता वेगळा आहे, म्हणून तक्त्याची एक ओळ म्हणजे एक मूल. याचा मोठा फायदा असा की एका घरातल्या भावंडांची गरिबी, जमीन, टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल, आईवडिलांचं शिक्षण हे सगळं एकच असतं. त्यामुळे भावंडांमधला फरक या गोष्टींनी समजावता येत नाही. घरबसल्या लिहिलेल्या निष्कर्षांपैकी निम्मे इथेच बाजूला होतात.

कोरा तक्ता

प्रश्न पक्का करण्याआधी मॅडम तिला तक्ता आखायला लावतात आणि तीन-चार काल्पनिक ओळी भरायला सांगतात. ज्या प्रश्नाचा तक्ता आखता येत नाही तो प्रश्न अजून तयार नाही, असं बेधडक मानावं. गुणात्मक अभ्यासातही हे चालतं. तिथे रकान्यांत आकड्यांऐवजी शब्द येतात, इतकंच.

| कुटुंब | मूल | वय (मागच्या दसऱ्याला) | मुलगा/मुलगी | सोबत ५ वर्षांखालचं भावंड | गावात सांभाळणारं कोण | हंगामात कुठे राहिलं |
|---|---|---|---|---|---|---|
| ७ | १ | १२ | मुलगी | होय | आजी | कारखान्यावर |
| ७ | २ | ९ | मुलगा | होय | आजी | गावी, वसतिगृहात जेवण |
| ८ | १ | १० | मुलगा | नाही | कोणी नाही | आजोळी |
| ८ | २ | ७ | मुलगी | नाही | कोणी नाही | दिवाळीनंतर कारखान्यावर |

वय आजचं लिहिलं तर चूक होते. निर्णय मागच्या हंगामाआधी झाला, म्हणून वय तेव्हाचं. वयाची मर्यादा ६ ते १४ अशी ठेवली, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा आणि पहिली ते आठवीच्या शाळेचा आवाका तोच आहे.

शेवटचा रकाना सुरुवातीला ‘नेलं / ठेवलं’ असा दोनच पर्यायांचा होता. चार घरांत तोंडी चाचणी घेतली की तो मोडतो. एखादं मूल आजोळी मामाकडे पाठवलेलं असतं. ते ना गावात, ना कारखान्यावर. एखादं दिवाळीला गावी आलेल्या आईबापांबरोबर परत गेलेलं असतं. एखादं वार्षिक परीक्षेपुरतं चुलत्यानं आणून बसवलेलं असतं. अशांना जबरदस्तीनं दोनपैकी एका खणात कोंबण्यापेक्षा ठिकाण आणि काळ दोन्ही लिहावेत. महिने विचारले तर लोक अंदाजे सांगतात. दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी, पाडवा अशा खुणा घेऊन “संक्रांतीला हा कुठं होता?” असं विचारलं की उत्तर बरंच खात्रीचं येतं. पाचपैकी तीन किंवा जास्त सणांना कारखान्यावर असलेलं मूल ‘सोबत नेलेलं’ धरायचं, हा नियम प्रबंधात लिहून टाकायचा. नियम दोन ऐवजी तीन का, यावर वाद होऊ शकतो. पण नियम लिहिलेला असला तर वाद तरी घालता येतो.

हजेरीपट यासाठी पुरेसा नाही. तो बघावा, पण कुटुंबाच्या सांगण्याशी तो जुळला नाही तर शाळेत जाऊन जाब विचारायचा नाही. तिचा प्रश्न मुलं कुठे राहिली हा आहे, शिक्षकांची तपासणी हा नाही. तफावत मिळाली तर गाव आणि शाळा ओळखू येणार नाही अशा रीतीनं एका परिच्छेदात नोंदवावी. मुख्याध्यापकांना किंवा मुकादमाला सोबत घेऊन घरोघर जाणं सोयीचं वाटतं, पण टाळावं. मुकादम ओसरीवर बसला की उचलीबद्दल कोणी खरं बोलत नाही, आणि गुरुजी बसले की प्रत्येक मूल नियमित शाळेत जातं.

कॅलेंडर प्रश्नाचं रूप ठरवतं

तिची मूळ योजना जानेवारीत गावात जायची होती, कारण तेव्हा महाविद्यालयातून मोकळीक असते. जानेवारीत गावात आजी-आजोबा आणि मागे ठेवलेली मुलं भेटतील. निर्णय घेणारे आईबाप कारखान्यावर. ते परत येतात तोवर प्रबंध देण्याची तारीख उलटून गेलेली. म्हणजे मुलाखती सप्टेंबरातच व्हायला हव्यात, दसऱ्याच्या आत. मग चालू हंगामाबद्दल विचारून उपयोग नाही, कारण तो अजून व्हायचाय. म्हणून प्रश्नात ‘मागच्या हंगामात’ हे शब्द आले. वरवर ही तडजोड दिसते, पण झालेली गोष्ट विचारल्यामुळे ‘नेणार आहात का’ या प्रश्नाला मिळणारी शहाणपणाची उत्तरं टळतात.

किती कुटुंबं? दोन गावांत मिळून चाळीस, प्रत्येकात ६ ते १४ वयाची किमान दोन मुलं. एकच मूल असलेल्या घरात भावंडांची तुलना होत नाही, म्हणून ती घरं बाहेर. नवराबायको दोघंही तोडीला गेलेली, म्हणजे पूर्ण कोयता, अशीच कुटुंबं घ्यायची. एकटा पुरुष गेला असेल तर आई गावातच असते आणि मुलांचा प्रश्न वेगळा होतो. एका मुलाखतीला पाऊण तास धरला तरी दिवसाला तीनच होतात, कारण लोक दिवसभर शेतात असतात आणि सकाळी लवकर किंवा सांजेलाच भेटतात. चाळीस घरांना चौदा दिवस, घरयादीला तीन, फेऱ्या फुकट जातात त्यासाठी तीन. तीन आठवडे भरले. साठ कुटुंबं म्हटलं असतं तर ऑक्टोबर उजाडला असता आणि उरलेली घरं कुलूप लावून गेलेली असती.

ठरलेला प्रश्न

या सगळ्यानंतरचा मसुदा असा: ‘हंगामी वसतिगृह चालू असलेल्या धारूर तालुक्यातल्या दोन गावांत, ६ ते १४ वयाची किमान दोन मुलं असलेल्या ऊसतोड कुटुंबांनी मागच्या गाळप हंगामात कोणतं मूल सोबत नेलं आणि कोणतं मागे ठेवलं, आणि मुलाचं वय, मुलगा की मुलगी, सोबत जाणारं तान्हं भावंड आणि मागे सांभाळणारं माणूस यांच्याशी हा निर्णय कसा जुळतो?’

वाक्य लांबलचक आहे. शीर्षक म्हणून ते शोभणार नाही; शीर्षकाला ‘कोणतं मूल सोबत, कोणतं मागे’ एवढं पुरे. पण प्रश्नातला प्रत्येक तुकडा कशाचा तरी निर्णय करतो. कोणती गावं, कोणती घरं, कोणता हंगाम, कोणते रकाने. एखादा तुकडा काढला आणि कामात काहीच बदललं नाही, तर तो शोभेचा होता असं समजावं.

आराखड्याच्या नमुन्यात पाच उद्दिष्टं आणि तीन परिकल्पना मागितलेल्या असतात. पाच रकाने भरायचे म्हणून ‘उपाययोजना सुचवणे’ हे उद्दिष्ट हमखास घुसतं. तिच्या तक्त्यात उपाययोजनेबद्दल एकही रकाना नाही, त्यामुळे ते लिहू नये. दोन उद्दिष्टं मंजूर होत नसतील तर वरच्या प्रश्नाचेच तुकडे करून चार करावेत. परिकल्पना मात्र एकच, पण चुकू शकेल अशी: ज्या घरातून तान्हं भावंड सोबत जातं, तिथे दहा वर्षांवरची मुलगी तिच्या भावापेक्षा जास्त वेळा सोबत नेली जाते. ही खोटी ठरायला जागा आहे. वयात आलेल्या मुलीला फडावर नेण्याचीच भीती वाटते असं कळलं, तर चित्र उलट निघेल आणि तो तितकाच चांगला निष्कर्ष असेल.

बैठकीत हमखास विचारतात, “काय-वर्ग चाचणी लावणार का?” लावू नये. त्या चाचणीत प्रत्येक नोंद स्वतंत्र धरलेली असते आणि एका घरातली भावंडं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एकाला ठेवलं म्हणूनच दुसरीला नेलेलं असतं. चाळीस घरांतली नव्वद-शंभर मुलं सुटी मोजून चाचणी लावली तर आकडा खोटा दिलासा देईल. त्याऐवजी ज्या घरांनी काही मुलं नेली आणि काही ठेवली ती मिश्र घरं वेगळी काढायची, प्रत्येकात कोण गेलं ते बघायचं, आणि ‘इतक्या मिश्र घरांपैकी इतक्यांत मोठी मुलगी गेली’ असं सरळ मोजून सांगायचं. त्यातल्या सात-आठ घरांत परत जाऊन सविस्तर बोलायचं. ‘महाराष्ट्रातल्या ऊसतोड कुटुंबांत’ अशी वाक्यं प्रबंधात येणार नाहीत, दोन गावांपुरतीच येतील.

सगळा डोलारा मिश्र घरांवर उभा आहे, म्हणून ती पुरेशी आहेत का हे ऑगस्टमध्येच तपासायचं. शाळेची पटनोंदवही, अंगणवाडी सेविकेकडची कुटुंबांची नोंद आणि गावातल्या दोघातिघांची माहिती जुळवून घरयादी करायची. त्या यादीवर प्रत्येक घरापुढे फक्त एवढंच लिहायचं: सगळी नेली, सगळी ठेवली, की मिश्र. दोन्ही गावांत मिळून मिश्र घरं पंधराच्या पुढे निघाली तर प्रश्न तसाच ठेवावा. दहाच्या आत निघाली तर भावंडांची तुलना सोडून द्यावी आणि ‘सगळी नेणारी’ व ‘सगळी ठेवणारी’ घरं समोरासमोर घ्यावीत. एकक पुन्हा कुटुंब होईल, जमीन आणि उचल हे रकाने परत येतील, आणि गरिबीचं स्पष्टीकरण आता बाजूला ठेवता येणार नाही हे मर्यादांच्या प्रकरणात लिहावं लागेल. दहा ते पंधराच्या मधे असेल तर शेजारचं तिसरं गाव घ्यावं, पण तिथेही मागच्या हंगामात वसतिगृह दिवाळीआधी सुरू झालं होतं याची खात्री करूनच.